भागायचं कशाने? ते 'पेक्षा' सांगतो

माझ्याकडे स्पर्धा परीक्षेची तयारी करायला येणाऱ्या एका मुलीने मागच्या आठवड्यात एक सरावपत्रिका सोडवून आणली. वर एक तक्ता, शेजारी त्याचाच स्तंभालेख आणि खाली प्रश्न, असं नेहमीचंच पान. एका प्रश्नात विचारलं होतं, 'महाराष्ट्राची २००१ ची लोकसंख्या २०११ पेक्षा किती टक्क्यांनी कमी होती?' तिने तक्त्यातून दोन्ही आकडे बरोबर उचलले, वजाबाकी बरोबर केली, भागाकारही अचूक केला. उत्तर आलं १६ टक्के. पर्यायांत १६ टक्के होतंच, तिने खूण केली आणि पुढे गेली. उत्तर चुकलं होतं.

अशा पत्रिका मी बरीच वर्षं तपासतोय. शिष्यवृत्तीला बसलेल्या पाचवीतल्या मुलापासून बँकेच्या परीक्षेला बसलेल्या पदवीधरापर्यंत सगळ्यांच्या चुका एकाच जागी होतात. वजाबाकी सहसा चुकत नाही. ज्या संख्येने भागायचं, ती संख्याच चुकीची घेतली जाते. आणि कुठल्या संख्येने भागायचं हे तक्ता सांगत नाही, प्रश्नाचं वाक्य सांगतं. त्या मुलीचीच पत्रिका समोर ठेवून हे सविस्तर पाहू.

तक्ता: आकड्यांच्या आधी वाचायच्या गोष्टी

पत्रिकेतला तक्ता असा होता:

महाराष्ट्राची लोकसंख्या, जनगणनेनुसार (कोटींमध्ये)

| वर्ष | लोकसंख्या |
|---|---|
| १९६१ | ३.९६ |
| १९७१ | ५.०४ |
| १९८१ | ६.२८ |
| १९९१ | ७.८९ |
| २००१ | ९.६९ |
| २०११ | ११.२४ |

बहुतेकांची नजर थेट आकड्यांवर जाते. मी मुलांना आधी शीर्षक आणि कंस वाचायला लावतो. शीर्षक सांगतं, ही मोजणी कशाची आहे आणि कुठली आहे. कंस सांगतो, मोजमाप कशात आहे. इथे ते कोटींत आहे. पर्याय लाखांत दिले असतील तर १.५५ कोटी म्हणजे १५५ लाख हे रूपांतर आपल्यालाच करावं लागतं. १५.५ लाख हा पर्यायही तिथे हमखास ठेवलेला असतो, घाईत दशांशचिन्ह एक घर सरकवणाऱ्यांसाठी.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. तक्त्यातले आकडे गोळाबेरीज केलेले आहेत. २०११ ची पूर्ण संख्या ११,२३,७४,३३३ अशी आहे, तिचे ११.२४ कोटी केले. यामुळे एक बारीक फरक पडतो. तक्त्यावरून १९९१ ते २००१ ची वाढ ९.६९ वजा ७.८९, म्हणजे १.८० कोटी येते. पूर्ण संख्यांची वजाबाकी केली तर ती १,७९,४१,४४० येते, म्हणजे १.७९ कोटी. परीक्षेत १.८० हेच उत्तर द्यायचं, कारण प्रश्न समोरच्या तक्त्यावर विचारला आहे. बाहेरून माहीत असलेला आकडा इथे आणायचा नाही.

स्तंभालेख: आधी प्रमाण, मग पाया

याच तक्त्याचा स्तंभालेख शेजारी होता. आडव्या अक्षावर वर्षं, उभ्या अक्षावर लोकसंख्या, आणि कोपऱ्यात प्रमाण: १ सेमी = १ कोटी. आलेख कागदावर एका सेंटिमीटरचे दहा भाग असतात, म्हणून एक मिलिमीटर म्हणजे १० लाख. १९८१ चा स्तंभ सहा सेंटिमीटरच्या रेषेवर आणखी जेमतेम तीन मिलिमीटर जातो. त्यावरून साधारण ६.३ कोटी एवढंच वाचता येतं. ६.२८ हा आकडा डोळ्यांनी कुणालाच वाचता येणार नाही आणि तशी अपेक्षाही नसते. नुसता आलेख दिलेला असतो तेव्हा पर्यायही एकमेकांपासून पुरेसे लांब ठेवलेले असतात. तक्ता आणि आलेख दोन्ही दिले असतील तर आकडा तक्त्यातून घ्यावा. आलेखावरून चढउतार पाहावा.

पण आलेखावरून काही ठरवण्याआधी स्तंभ कुठून उभे केले आहेत ते पाहायला हवं. स्तंभ बोलतो तो आपल्या लांबीने, आणि लांबीची तुलना खरी ठरते ती सगळे स्तंभ शून्यापासून निघाले असतील तरच. विल्यम प्लेफेअर याने १७८६ साली स्कॉटलंडच्या आयात-निर्यातीचा स्तंभालेख छापला, तेव्हापासून ही पद्धत रूढ होत गेली. त्याच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते. काळानुसार चढत जाणारी रेषा काढता येत नव्हती, म्हणून त्याने प्रत्येक देशाशी असलेला व्यापार पट्ट्यांच्या लांबीने दाखवला. लांबी म्हणजेच संख्या, हा या आलेखाचा सगळा आधार.

आता समजा, जागा वाचवायला कुणी उभा अक्ष शून्याऐवजी ३ कोटींपासून सुरू केला. मग १९६१ चा स्तंभ एक सेंटिमीटरही भरणार नाही आणि २०११ चा सव्वाआठ सेंटिमीटर होईल. बघणाऱ्याला वाटेल, लोकसंख्या साडेआठ पट झाली. प्रत्यक्षात ११.२४ भागिले ३.९६, म्हणजे ती २.८४ पट झाली आहे. अक्ष असा तोडला असेल तर आरंभबिंदूजवळ एक नागमोडी खूण केलेली असते. शालेय पुस्तकात तिला अक्षसंकोच म्हणतात. ती खूण दिसली की 'किती पट' या प्रश्नाचं उत्तर स्तंभांच्या उंचीवरून द्यायचं नाही. अक्षावरचे आकडे वाचायचे आणि भागाकार करायचा.

प्रश्न: 'पेक्षा' ज्याला चिकटला, तो खाली

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. '२००१ ची लोकसंख्या २०११ पेक्षा किती टक्क्यांनी कमी होती?' फरक १.५५ कोटी. याबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच की, हे १.५५ कशाच्या तुलनेत मोजायचे, ९.६९ च्या की ११.२४ च्या?

आपल्या भाषेने याचं उत्तर वाक्यातच ठेवलं आहे. 'पेक्षा' ज्या शब्दाला चिकटलेला असतो, ती तुलनेची मोजपट्टी. ती भागाकारात खाली जाते. इथे 'पेक्षा' २०११ ला चिकटला आहे. म्हणून १.५५ भागिले ११.२४, गुणिले १००. उत्तर सुमारे १३.८ टक्के.

त्या मुलीने ९.६९ ने भागलं. तिला १६ टक्के आले, आणि हे उत्तर एका वेगळ्या प्रश्नाचं आहे: '२०११ ची लोकसंख्या २००१ पेक्षा किती टक्क्यांनी जास्त?' दोन्ही वर्षं तीच, फरक तोच, पण मोजपट्टी बदलली की टक्के बदलले. जास्तीचे टक्के आणि कमीचे टक्के सारखे येत नाहीत, कारण लहान संख्येने भागलं की उत्तर मोठं येतं. प्रश्न काढणाऱ्याला हे ठाऊक असतं आणि तो दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पर्यायांत मुद्दाम ठेवतो. म्हणून आपलं उत्तर पर्यायांत सापडलं यावरून ते बरोबर आहे असं समजू नये.

'पेक्षा' नसेल तेव्हा 'च्या' बघायचा, पण जरा जपून. '२०११ ची लोकसंख्या १९६१ च्या लोकसंख्येच्या किती टक्के आहे?' या वाक्यात 'च्या' दोनदा आला आहे. आपल्या कामाचा 'च्या' म्हणजे 'किती टक्के' किंवा 'किती पट' याच्या लगेच आधीचा. तो १९६१ च्या लोकसंख्येला लागला आहे, म्हणून ३.९६ खाली. उत्तर सुमारे २८४ टक्के. आता हाच प्रश्न थोडा फिरवला: '१९६१ पेक्षा २०११ मध्ये लोकसंख्या किती टक्क्यांनी वाढली?' खाली पुन्हा ३.९६ च आहेत, पण वर आता सगळी लोकसंख्या नाही, फक्त वाढ घ्यायची: ७.२८ कोटी. उत्तर सुमारे १८४ टक्के. 'किती टक्के' आणि 'किती टक्क्यांनी' यांत एका 'नी'चा फरक आहे, आणि त्या 'नी'मुळे उत्तरात बरोबर १०० टक्क्यांचा फरक पडतो.

कधी कधी 'पेक्षा' आणि 'च्या' दोन्ही नसतात. '१९९१ ते २००१ या दशकात लोकसंख्येत किती टक्के वाढ झाली?' इथे 'पेक्षा' लपलेला आहे. वाढ नेहमी सुरुवातीच्या संख्येवर मोजतात, म्हणून मनात 'च्या वर्षीपेक्षा' हे शब्द १९९१ ला जोडायचे आणि ७.८९ ने भागायचं.

सर्वांत मोठी वाढ कुठली?

पत्रिकेतला सगळ्यात चांगला प्रश्न होता: 'कोणत्या दशकात लोकसंख्येत टक्केवारीने सर्वाधिक वाढ झाली?' वर्गातल्या बहुतेकांनी आलेखाकडे पाहिलं. १९९१ आणि २००१ या स्तंभांमधली पायरी सगळ्यात उंच दिसते, म्हणून तेच उत्तर लिहिलं. पायरी उंच आहे हे खरंच. पाचही दशकांतली वाढ काढली तर ती क्रमाने १.०८, १.२४, १.६१, १.८० आणि १.५५ कोटी येते. म्हणजे माणसांच्या संख्येत सर्वांत मोठी भर १९९१ ते २००१ मध्येच पडली. पण प्रश्नात 'टक्केवारीने' हा शब्द आहे. प्रत्येक पायरी तिच्या मागच्या स्तंभाच्या तुलनेत मोजायची आहे.

यासाठी पाच लांबलचक भागाकार करायची गरज नाही. जुन्या पिढीला पावकी तोंडपाठ असायची, तिचा इथे उपयोग होतो. प्रत्येक सुरुवातीच्या संख्येचा पाव भाग काढायचा आणि वाढ त्याहून जास्त की कमी ते बघायचं. ३.९६ चा पाव भाग ०.९९, वाढ १.०८, म्हणजे पावाच्या वर. ५.०४ चा पाव १.२६, वाढ १.२४, किंचित खाली. ६.२८ चा पाव १.५७, वाढ १.६१, किंचित वर. ७.८९ चा पाव जवळपास १.९७, वाढ १.८०, खाली. ९.६९ चा पाव २.४२, वाढ १.५५, फारच खाली.

स्पर्धेत राहिली फक्त दोन दशकं, पहिलं आणि तिसरं. तिसऱ्यात वाढ पावाच्या चार शतांश वर आहे, तीही सहा कोटींच्या संख्येवर. पहिल्यात ती नऊ शतांश वर आहे आणि संख्या चार कोटींचीही नाही. म्हणून उत्तर १९६१ ते १९७१, सुमारे २७ टक्के. गंमत अशी की, आलेखावर सगळ्यात ठेंगणी पायरी हीच आहे. सगळ्यात उंच पायरीचं दशक सुमारे २३ टक्क्यांवर, पाचांत चौथं आहे.

यातून चूक ओळखायची एक खूण हाती लागते. टक्केवारीच्या प्रश्नाचं उत्तर नुसता आलेख बघून मिळालं असेल तर थांबायचं. नजर पायरीची उंची मोजते, पायरी कशावर उभी आहे हे मोजत नाही.

जोडस्तंभालेख: टक्क्यांवरचे टक्के

पत्रिकेच्या दुसऱ्या भागात जोडस्तंभालेख होता. महाराष्ट्रातला साक्षरतेचा दर, प्रत्येक जनगणनेला दोन स्तंभ शेजारीशेजारी, एक पुरुषांचा आणि एक स्त्रियांचा. त्यातले आकडे असे:

| वर्ष | पुरुष (%) | स्त्रिया (%) |
|---|---|---|
| १९९१ | ७६.६ | ५२.३ |
| २००१ | ८६.० | ६७.० |
| २०११ | ८८.४ | ७५.९ |

अशा आलेखात पहिलं काम म्हणजे सूची वाचणं: भरीव स्तंभ कुणाचा, रेघारेघांचा कुणाचा. ही चूक बाळबोध वाटते, पण घाईत शेजारचा स्तंभ वाचला जातो. मी मुलांना सूची बघून एकदाच पेन्सिलीने स्तंभांखाली 'पु' आणि 'स्त्री' लिहायला सांगतो. तेवढ्याने भागतं.

खरी अडचण पुढे येते. 'स्त्रियांची साक्षरता २००१ पेक्षा २०११ मध्ये किती टक्क्यांनी वाढली?' ७५.९ वजा ६७.० म्हणजे ८.९. हेच उत्तर का? हे आकडे आधीच टक्के आहेत. त्यांच्यातला फरक ८.९ आला तो दर शंभर स्त्रियांमागे सुमारे नऊ जणी जास्त साक्षर, या अर्थाने. त्याला टक्केबिंदू म्हणतात. पण 'पेक्षा'चा नियम लावला तर ८.९ भागिले ६७.०, म्हणजे १३ टक्क्यांहून थोडी जास्त वाढ. दोन्ही आकडे खरे आहेत, मोजमापं वेगळी आहेत. प्रश्नात 'टक्केबिंदूंनी' किंवा 'दरातील फरक' असं असेल तर वजाबाकीवर थांबायचं. 'टक्क्यांनी वाढ' किंवा 'शेकडा वाढ' असं असेल तर भागाकार करायचा. शब्द संदिग्ध असेल तर पर्याय बघायचे. ८.९ आणि १३.३ यांपैकी एकच दिलेलं असेल तर प्रश्न काढणाऱ्याच्या मनात काय होतं ते कळतं.

शेवटचा प्रश्न होता: 'या आलेखावरून २०११ ची एकूण साक्षरता किती?' पर्यायांत ८२.१५ होतं आणि 'निश्चित सांगता येणार नाही' हेही होतं. जवळपास सगळ्यांनी ८८.४ आणि ७५.९ यांची बेरीज करून दोनाने भागलं. दोनाने भागणं म्हणजे पुरुष आणि स्त्रिया सारख्याच संख्येने आहेत असं मानणं, आणि आलेखात ते कुठेही म्हटलेलं नाही. जनगणनेने जाहीर केलेली एकूण साक्षरता ८२.३४ टक्के आहे. ती सरासरीच्या किंचित वर आहे, कारण लोकसंख्येत पुरुष जास्त आहेत आणि एकूण दर त्यांच्या बाजूला झुकतो. इथे फरक लहान दिसतो, कारण दोघांची संख्या जवळजवळ आहे. पण एखाद्या वर्गात ४० मुलगे आणि १० मुली असतील, मुलग्यांपैकी ९० टक्के आणि मुलींपैकी ५० टक्के पास झाले असतील, तर सरासरी ७० येते. प्रत्यक्षात ३६ आणि ५ मिळून ५० पैकी ४१ जण पास, म्हणजे ८२ टक्के. ज्या टक्क्यांच्या मागची संख्या दिलेली नाही, त्यांची सरासरी काढता येत नाही. म्हणून 'निश्चित सांगता येणार नाही' हेच बरोबर उत्तर.

एका मुलाने त्याहून पुढची शक्कल लढवली. राज्यात पुरुष ५.८२ कोटी आहेत हे त्याला पाठ होतं. त्याचे ८८.४ टक्के काढून त्याने साक्षर पुरुष ५.१५ कोटी ठरवले. जनगणनेतला आकडा त्याहून बराच कमी, सुमारे ४.५३ कोटी आहे. कारण आलेखाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: साक्षरतेचा दर सात वर्षं आणि त्यावरील लोकसंख्येवर काढला आहे. सहा वर्षांपर्यंतची मुलं त्या मोजणीत धरलेलीच नाहीत. इथेही चूक गुणाकारात नव्हती. ८८.४ टक्के, पण कशाचे, हे विचारायचं राहून गेलं होतं.

ताळा

त्या मुलीला मी तिच्या चुकलेल्या प्रश्नाचा ताळा करून दाखवला. प्रश्न म्हणतो, २०११ पेक्षा २००१ इतक्या टक्क्यांनी कमी. मग ११.२४ मधून तेवढे टक्के काढून बघायचे. १६ टक्के काढले तर १.८० जातात आणि ९.४४ उरतात. तक्त्यात ९.४४ कुठेच नाही. १३.८ टक्के काढले तर १.५५ जातात आणि ९.६९ उरतात, ते २००१ समोर लिहिलेले आहेत. या ताळ्याला अर्धा मिनिट लागतो, आणि चुकीच्या मोजपट्टीने काढलेलं उत्तर तो पकडतो, मग ते पर्यायांत दिलेलं का असेना.

पुढची पत्रिका तिने परवा आणली. भागाकार करायच्या आधी तिने प्रत्येक प्रश्नात 'पेक्षा'ला आणि 'किती टक्के'च्या मागच्या 'च्या'ला पेन्सिलीने गोल केला होता. एका प्रश्नात दोन्ही नव्हते. तिथे तिने समासात स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'कशापेक्षा?', आणि खाली वर्ष.